पाण्याला पंप नसतो

१९७१ सालचा जून महिना. पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून आलेले लाखो निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावात येऊन थांबले होते आणि छावण्यांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली होती. तिथल्या लहानशा रुग्णालयात खाटा केव्हाच संपल्या होत्या. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. कॉलऱ्याचा रुग्ण तासाला लिटरभर पाणीही गमावू शकतो. ते भरून काढायचं तर शिरेतून सलाइन द्यायला हवं, आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

कलकत्त्याच्या एका संशोधन केंद्रातून तिथे आलेले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडस केलं. २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं एका लिटरचं प्रमाण ठरवून त्यांच्या सहकाऱ्यांनी पुड्या बांधल्या. त्या पिंपातल्या पाण्यात मिसळल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पाजत राहा, एवढीच सूचना. छावणीत मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास गेलं होतं. या पाण्यावर ठेवलेल्या रुग्णांमध्ये ते ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आलं.

आज आपण त्या पाण्याला जलसंजीवनी म्हणतो, औषधाच्या दुकानात ओआरएस म्हणून मागतो. पण नववीच्या विद्यार्थ्याने इथे थोडं थांबून विचार करावा. कॉलऱ्याच्या रुग्णाला नुसतं पाणी पाजलं तर ते अंगी लागत नाही. मिठाचं पाणी पाजलं तरी बरंचसं वाहून जातं. त्याच मिठाच्या पाण्यात ग्लुकोज पडलं की मात्र पाणी शरीरात टिकू लागतं. ग्लुकोज काही पाणी धरून ठेवणारा स्पंज नाही. मग त्याने नेमकं काय केलं?

या एका प्रश्नाच्या उत्तरात ‘पेशीपटलातून होणारं वहन’ हा सगळा धडा सामावलेला आहे. विसरण, परासरण आणि सक्रिय वहन या तीन व्याख्या पुस्तकात एकाखाली एक छापलेल्या असतात. आतड्याच्या पेशीत मात्र त्या एकमेकींच्या हातात हात घालून काम करतात.

सुरुवात विसरणापासून. वर्गात बहुधा अत्तराच्या बाटलीचं किंवा उदबत्तीचं उदाहरण देतात. ते पूर्ण चूक नाही, पण वास खोलीभर पसरतो तो मुख्यतः हवेच्या झुळकांनी. खरं विसरण पाहायचं असेल तर चहाच्या कपात साखर टाकावी आणि न ढवळता प्यायला सुरुवात करावी. वरचे घोट फिके लागतात आणि तळाशी पाक साचलेला असतो. साखरेचे रेणू सतत इकडेतिकडे धडका खात फिरत असतात. त्यांना कुठे जायचं आहे हे ठाऊक नसतं. पण जिथे ते दाटीने आहेत तिथून विरळ जागेकडे जाणारे जास्त आणि परत येणारे कमी, त्यामुळे हळूहळू सगळीकडे सारखे होतात. जास्त संहतीकडून कमी संहतीकडे होणारा हा पसारा म्हणजे विसरण. त्याला बाहेरून ऊर्जा लागत नाही.

हळूहळू म्हणजे किती हळू? ग्लुकोजच्या रेणूला शांत पाण्यात नुसत्या विसरणाने एक सेंटिमीटर सरकायला साधारण एक दिवस लागतो. तोच रेणू एका पेशीएवढं अंतर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पार करतो. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो, असा विसरणाचा हिशेब आहे. पेशी इतक्या लहान का असतात याचं एक मोठं कारण इथेच आहे. चहाच्या कपात कंटाळवाणं वाटणारं विसरण पेशीच्या मापावर अतिशय चपळ असतं.

आता या मोकळ्या पसाऱ्याच्या वाटेत एक पडदा आणू. पेशीपटल हा मेदरेणूंचा दुहेरी थर असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही थोडी कमी असते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज आरपार जातात. ग्लुकोज अडतं. मिठातला सोडियम तर जवळजवळ पूर्णच अडतो, कारण विद्युतप्रभार असलेल्या कणाला तेलकट थरात थारा नसतो. पाणी या थरातून थोडंफार झिरपतं, आणि बऱ्याच पेशींमध्ये त्याच्यासाठी खास प्रथिनांच्या नळ्याही असतात. त्या नळ्यांचा शोध लावल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काहींना वाट आणि काहींना मज्जाव, म्हणून पाठ्यपुस्तक या पटलाला निवडक्षम म्हणतं.

हा मज्जाव डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन बटाटे पुरतात. एक कच्चा ठेवायचा, दुसरा उकडायचा. दोघांनाही वरून वाटीसारखं कोरायचं आणि खालच्या अर्ध्या भागाची साल काढायची. साल राहिली तर पाणी आत शिरत नाही आणि प्रयोग फसतो. दोन्ही वाट्यांत चमचाभर साखर घालून बटाटे पाण्याच्या ताटलीत ठेवायचे. काही तासांनी कच्च्या बटाट्याची वाटी पाकाने भरत आलेली दिसते. साखर पेशींतून बाहेर पडू शकत नाही, पण पाणी पेशीपेशींतून वर तिच्याकडे येतं. उकडलेल्या बटाट्यात असं पाणी चढत नाही. उकडताना पटलं फाटली, निवड करणारं कुणी उरलं नाही. साखर ओली होऊन वाटेल तशी झिरपते, पाणी ओढून धरत नाही. साखर न घातलेला तिसरा कच्चा बटाटा शेजारी ठेवला तर त्याची वाटी कोरडीच राहते. तो ठेवायला विसरू नये, कारण बटाटा स्वतःहून पाणी पाझरत नाही हे त्याच्यामुळेच सिद्ध होतं.

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की खार सुटतो, कोशिंबिरीच्या काकडीला आधीच मीठ लावलं की ती पाणी सोडते, मनुका भिजवल्या की टम्म फुगतात. स्वयंपाकघरातली ही सगळी परासरणाची रूपं आहेत. निवडक्षम पटलातून पाणी जातं ते जिकडे विरघळलेले कण जास्त आहेत तिकडे.

उत्तरपत्रिकांमध्ये सर्वांत जास्त घोळ इथे होतो. विसरणाची व्याख्या सांगते, जास्त संहतीकडून कमी संहतीकडे. परासरणात मात्र पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे जातं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त संहती कशाची हे सांगायचं राहून जातं. साखरेचं द्रावण दाट असेल तर त्यात पाण्याचा वाटा कमी असतो. म्हणजे पाणी आपल्यापुरतं जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडेच चाललेलं असतं. ‘विद्राव्याची संहती’ की ‘पाण्याचं प्रमाण’, हा एक शब्द लिहिला की उत्तर बिनचूक होतं.

पेशीबाहेरचं द्रावण पेशीपेक्षा दाट असेल तर ते अतिपरासारी. त्यात पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि पेशी आक्रसते. बाहेरचं द्रावण फिकं असेल तर ते अवपरासारी, आणि त्यात पेशी फुगते. दोन्हीकडे सारखं असेल तर समपरासारी. शिरेतून देतात ते सलाइन लिटरला ९ ग्रॅम मिठाचं असतं, कारण तेवढ्या मिठाचं पाणी रक्ताशी समपरासारी होतं. शिरेत नुसतं शुद्ध पाणी सोडलं तर तिथल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भित्तिका असते, म्हणून भिजलेली मनुका फुगते पण तिच्या पेशी तशा फुटत नाहीत.

आतापर्यंत जे सांगितलं त्यातून एक गोष्ट निघते आणि ती पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे येत नाही. आपल्या शरीरात पाणी ढकलणारा पेशीपटलावरचा पंप नाही. अ‍ॅग्रींच्या नळ्या पाण्याला फक्त वाट देतात, दिशा देत नाहीत. आतड्यातून किंवा मूत्रपिंडातून पाणी परत आत घ्यायचं असेल तर पेशीजवळ एकच उपाय असतो. कण हलवायचे. कण जिथे जातील तिथे पाणी परासरणाने त्यांच्या मागे जातं.

कण हलवण्यासाठी मात्र पंप आहे. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना पेशीपटलातलं एक प्रथिन ओळखलं. ते तीन सोडियम कण पेशीबाहेर टाकतं, दोन पोटॅशियम कण आत घेतं आणि प्रत्येक फेरीला एटीपीचा एक रेणू खर्च करतं. बाहेर सोडियम आधीच आतल्यापेक्षा साधारण दहापट असतो. म्हणजे हा पंप विरळीकडून दाटीकडे, प्रवाहाच्या उलट काम करतो. याला सक्रिय वहन म्हणतात. विसरण आणि सक्रिय वहन यांतला फरक ओळखायची खूणही इथेच मिळते. पेशीचा ऊर्जापुरवठा तोडला तर सक्रिय वहन थांबतं, साधं विसरण चालूच राहतं. स्कू यांना या शोधासाठी १९९७ साली नोबेल मिळालं.

आता पुन्हा बनगावच्या पेल्याकडे येऊ. आतड्याच्या आतल्या अस्तरातली एक पेशी डोळ्यांसमोर आणावी. तिची एक बाजू अन्न वाहून नेणाऱ्या पोकळीकडे आहे, दुसरी रक्तवाहिन्यांकडे. रक्ताकडच्या बाजूवर स्कू यांचे पंप दिवसरात्र सोडियम बाहेर फेकत असतात. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमचा कायम तुटवडा असतो आणि पोकळीतला सोडियम आत यायला टपलेला असतो. पण मेदाचा थर त्याला येऊ देत नाही.

पोकळीकडच्या बाजूला एक दार आहे. ते एक वाहक प्रथिन आहे आणि त्याची अट विलक्षण आहे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले तरच ते उलगडतं आणि तिघांना आत सोडतं. सोडियम दाटीकडून विरळीकडे, म्हणजे उताराने, येतो. त्या ओघात ग्लुकोज चढावावरूनही आत ओढलं जातं. हे दार स्वतः एटीपी खर्चत नाही, पण उतार तयार ठेवणारा पंप खर्चतो. म्हणून याचीही गणना सक्रिय वहनातच होते, मात्र दुय्यम म्हणून. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या एका परिषदेत ही कल्पना मांडली होती.

पुढचा प्रवास सोपा आहे. आत आलेला सोडियम पंप पलीकडे टाकतो. आत साठलेलं ग्लुकोज पलीकडच्या बाजूने दुसऱ्या एका वाहकातून उताराने बाहेर पडतं. याला सुलभ विसरण म्हणतात, कारण वाहक असला तरी दिशा उताराचीच असते. पेशीच्या मागच्या अरुंद जागेत सोडियम आणि ग्लुकोज यांची दाटी झाली की पोकळीतलं पाणी परासरणाने त्यांच्या मागोमाग येतं आणि रक्तात पोहोचतं. एका पेल्यात विसरण, सक्रिय वहन आणि परासरण असे तिन्ही प्रकार एकामागून एक घडून गेलेले असतात.

कॉलऱ्याचं विष नेमकं काय बिघडवतं, हेही या चित्रात दिसतं. ते पेशीतल्या क्लोराइडची दारं पोकळीच्या दिशेने उघडी ठेवतं. क्लोराइड बाहेर ओघळतं, त्याच्यामागे सोडियम जातो आणि दोघांमागे पाणी. मीठ आत घेण्याची नेहमीची एक वाटही विष बंद करतं, म्हणून नुसतं मिठाचं पाणी पुरत नाही. ग्लुकोज-सोडियमच्या जोडदाराला मात्र हे विष हात लावत नाही. तेवढं एक दार शाबूत राहतं, आणि महालनबीसांच्या पुडीतली साखर त्या दाराची किल्ली होती. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. गळती चालू असतानाच भरती वाढवायची, एवढंच ती करते. रुग्ण गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल किंवा डोळे फार खोल गेले असतील तर शिरेतलं सलाइनच लागतं आणि त्याला लगेच रुग्णालयात न्यावं लागतं.

मग जास्त साखर घातली तर जास्त फायदा होईल का? इथे परासरण उलटं फिरतं. हल्लीच्या एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम पदार्थ असतात. ते लिटरभर पाण्यात विरघळले की कणांची मोजणी २४५ मिलिऑस्मोल भरते. रक्ताची असते २९० च्या आसपास. म्हणजे जलसंजीवनी रक्तापेक्षा किंचित फिकी, अवपरासारी असते आणि पाण्याचा ओढा आतड्याकडून रक्ताकडे राहतो. पूर्वीच्या पुडीची मोजणी ३११ होती, रक्तापेक्षा थोडी जास्त. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने आताचं फिकं प्रमाण स्वीकारलं.

आता घरोघर होणारी चूक पाहू. लिटरभरासाठीची पुडी कुणीतरी २०० मिलिलिटरच्या एका पेल्यातच ढवळतं. पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं, म्हणजे मोजणी पाचपट, सुमारे १,२२५. हे द्रावण रक्तापेक्षा चौपट दाट आहे. कैरीच्या फोडीला मीठ लावल्यावर जे होतं तेच आतड्यात होतं. रक्तातलं पाणी पोकळीकडे ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असलेली थंड पेयं जुलाबात देऊ नयेत, त्याचंही कारण हेच. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण चालतं. त्यातली साखर आतड्यात फुटून ग्लुकोज मिळतं. चमचा सपाट हवा, शिगोशीग नको.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना वर्गात एक शब्द आणि घरी दुसरा ऐकू येतो. त्यात परासरणाला मराठी विश्वकोशात ‘तर्षण’ म्हटलं आहे. तहान या अर्थाच्या संस्कृत धातूचा त्यात सूर आहे आणि पाण्याच्या ओढीला तो शोभतोही, पण परीक्षेत परासरणच लिहावं. उजळणीसाठी दोन्ही भाषांतले शब्द आणि वरच्या गोष्टीतली त्यांची जागा एकत्र दिली आहे.

| मराठी शब्द | इंग्रजी शब्द | ऊर्जा लागते का | या लेखात कुठे दिसलं |
|---|---|---|---|
| विसरण | डिफ्यूजन | नाही | न ढवळलेल्या चहातली साखर |
| सुलभ विसरण | फॅसिलिटेटेड डिफ्यूजन | नाही | ग्लुकोज पेशीतून रक्ताकडे जाताना |
| परासरण | ऑस्मोसिस | नाही | कच्च्या बटाट्याची वाटी, खार सुटणं |
| सक्रिय वहन | अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट | हो, एटीपी | सोडियम-पोटॅशियम पंप |
| दुय्यम सक्रिय वहन | सेकंडरी अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट | हो, पण पंपाकडून उसनी | ग्लुकोज-सोडियमचं जोडदार |
| निवडक्षम पारपटल | सिलेक्टिव्हली परमिएबल मेम्ब्रेन | लागू नाही | उकडल्यावर बटाट्यात उरत नाही ते |
| समपरासारी द्रावण | आयसोटॉनिक सोल्यूशन | लागू नाही | शिरेतून देण्याचं सलाइन |
| अवपरासारी द्रावण | हायपोटॉनिक सोल्यूशन | लागू नाही | नीट कालवलेली जलसंजीवनी |
| अतिपरासारी द्रावण | हायपरटॉनिक सोल्यूशन | लागू नाही | एका पेल्यात ढवळलेली अख्खी पुडी |

तक्ता पाठ करण्यापेक्षा शेवटचा रकाना हाताने झाकून स्वतः उदाहरणं आठवावीत. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांत गोंधळ होत असेल तर ‘अव’ म्हणजे कमी आणि ‘अति’ म्हणजे जास्त हे मराठी उपसर्ग अधिक चटकन लक्षात राहतात.

ग्लुकोज-सोडियमच्या जोडदारावर हे सगळं किती अवलंबून आहे, ते एका दुर्मीळ जन्मजात विकारात दिसतं. काही बाळांमध्ये हे वाहक प्रथिनच सदोष असतं. आईच्या दुधातल्या साखरेपासून बनलेलं ग्लुकोज आतड्यात आत शिरू शकत नाही, पोकळीतच साठतं आणि पाणी ओढून घेतं. जन्मानंतर काही दिवसांतच बाळाला न थांबणारे जुलाब सुरू होतात. ज्या जलसंजीवनीने इतर मुलं सावरतात, तिनेच या बाळाचे जुलाब वाढतात, कारण तिच्यातही ग्लुकोज आहे. अशा बाळांना फळांमधली साखर, म्हणजे फ्रुक्टोज असलेला खास आहार देतात. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. ते सुलभ विसरणाने आत येतं आणि त्याला सोडियमची सोबत लागत नाही.